गुडघ्याचं जर्मन कोटेशन: लिहिलेल्या आणि न लिहिलेल्या ओळी

काकांनी फाईल टेबलावर ठेवली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, यात सांध्याची किंमत कुठे लिहिलीय?"

फाईलमध्ये दोन कागद होते. एक पुण्यातल्या रुग्णालयाचं पॅकेज, एका पानाचं. दुसरा जर्मनीतून, बव्हेरियातल्या एका रुग्णालयाकडून आलेला खर्चाचा अंदाज, अडीच पानांचा, सोबत सहीसाठी जोडलेला एक करार. काकूंचा उजवा गुडघा पूर्ण झिजला होता आणि सांधा बदलायचं ठरलं होतं. पुण्यात की मुलाकडे, एवढाच प्रश्न होता. काकांची स्वतःची बायपास झालेली, घरात तिसरं कुणी नाही. मुलगा नऊ वर्षं तिकडे आहे, सुनेची नोकरी घरून चालते. खर्च जास्त आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पण मोडायची होती ती काकांची मुदतठेव, त्यामुळे किती जास्त आणि कशासाठी हे त्यांना स्वतः, मराठीत वाचून समजून घ्यायचं होतं. मुलाला जर्मन येतं. त्याने फोनवर "साधारण साडेनऊ हजार युरो, सगळं धरून" असं सांगितलं होतं. त्यातलं "सगळं धरून" काकांना पटत नव्हतं.

मी जर्मनची अनुवादक आहे. करार, जन्मदाखले, यंत्रांची माहितीपत्रकं आणि अधूनमधून रुग्णालयाचे कागद माझ्याकडे येतात. या प्रकरणात लिहिलेल्या ओळींचा अनुवाद एका दुपारीत झाला. न लिहिलेल्या ओळींना तीन आठवडे लागले, आणि त्यांच्याबद्दलच मला इथे सांगायचं आहे.

एकाच गोष्टीच्या दोन मांडण्या

पुण्याचा कागद काकांना बरोबर वाचता येत होता. पॅकेजची रक्कम, चार दिवस, दोन खाटांची खोली. खाली बारीक अक्षरात "इम्प्लांट वेगळे, प्रत्यक्ष किमतीनुसार". आपल्याकडे सांध्याची ओळ वेगळी असते आणि तिला कारण आहे. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांच्या कमाल किमती बांधून दिल्या. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या पूर्ण सांध्याला तेव्हा 54,720 रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आली, आणि बिलात सांध्याची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक वेगळा दाखवणं भाग पडलं. त्यामुळे आपल्या माणसाची नजर तयार झाली आहे: सांध्याची ओळ शोधायची, नसेल तर तो खर्च अजून यायचा आहे असं समजायचं.

जर्मन कागदावर ती ओळ नव्हती. काकांचा निष्कर्ष सरळ होता: साडेनऊ हजार युरो आणि वर सांधा. तो निष्कर्ष चुकीचा होता, आणि का चुकीचा हे कळायला तिथल्या बिलाची रचना थोडी समजून घ्यावी लागते.

जर्मनीत 2004 पासून सर्वसाधारण रुग्णालयांत प्रत्येक आजारपणाला एक गट नेमून देतात, ज्याला डीआरजी म्हणतात, आणि त्या गटाची ठोक रक्कम मिळते. तिला "फालपाउशाले" म्हणतात. शब्दशः, एका प्रकरणाची ठोक रक्कम. प्रत्येक गटाला एक भारांक असतो, आणि प्रत्येक राज्याचा एक मूळ दर असतो, जो आता चार हजार युरोंच्या वर गेला आहे. भारांक गुणिले मूळ दर, झाली ठोक रक्कम. या रकमेत शस्त्रक्रियागृह, भूल, औषधं, तपासण्या, खोली, जेवण आणि शल्यविशारदाचं काम हे सगळं येतं. सांधाही येतो. म्हणून तिथे सांध्याची ओळ नसणं याचा अर्थ तो धरलेला आहे असा होतो. पुण्याच्या कागदावर नसलेल्या ओळीचा अर्थ नेमका उलट.

काकांचा दुसरा प्रश्न याच कारणाने आला होता. "डॉक्टरांची फी कुठेय?" आपल्याकडे सर्जनची फी ही कोटेशनमधली पहिली ओळ, खोलीचा वर्ग वाढला की तीही वाढते. तिकडे रुग्णालयाच्या पगारी डॉक्टरांचं काम ठोक रकमेतच असतं. पण इथे मी घाईने "धरलेली आहे" असं लिहिलं नाही. जर्मनीत काही विभाग बाहेरचे डॉक्टर चालवतात. ते आपले रुग्ण रुग्णालयात आणून तिथे शस्त्रक्रिया करतात आणि बिल स्वतंत्र पाठवतात. अशा विभागांना "बेलेग-आब्टाइलुंग" म्हणतात आणि त्यांच्यासाठी भारांकांची यादीच वेगळी असते. कोटेशनवर फक्त रुग्णालयाचं नाव होतं, विभाग कोणत्या प्रकारचा ते नव्हतं. म्हणून रुग्णालयाला पाठवायच्या प्रश्नांत हा पहिला गेला. उत्तर आलं, मुख्य विभाग, डॉक्टर पगारी. त्यानंतरच मी काकांच्या कागदावर डॉक्टरांच्या फीपुढे "धरून" लिहिलं.

हे दोन शब्द मी या कामासाठी पक्के करून टाकले होते: "धरून" आणि "वेगळं". जर्मन कागदात अशा ठिकाणी संक्षेप येतात. "त्सुत्स्यूग्लिश" म्हणजे अधिक, वरून. "इन्क्लुझिव्ह" म्हणजे समाविष्ट. दोन्ही चार-चार अक्षरांत उरकतात आणि ओळीच्या शेवटी कोपऱ्यात बसतात. मराठीत "सह", "सहित", "व्यतिरिक्त", "अतिरिक्त" असे शब्द वापरले की वाचणारा दर वेळी थबकतो. धरून आणि वेगळं यांत गोंधळ होत नाही.

स्वल्पविराम

कोटेशनमधला भारांक "1,500" असा छापला होता. मुलाने कागदाचा फोटो पाठवला तेव्हा काकांनी त्याचा अर्थ पंधराशे युरो असा लावला आणि पेन्सिलीने बेरजेत धरलाही. जर्मन लिपीत स्वल्पविराम म्हणजे आपलं दशांशचिन्ह, आणि टिंब म्हणजे हजाराची खूण. तो आकडा दीड होता. त्याच कागदावर "9.500,00" होतं, म्हणजे साडेनऊ हजार. घाईत वाचणाऱ्याला ते साडेनऊ वाटू शकतं. अनुवादात मी सगळे आकडे आपल्या पद्धतीने लिहिते, आणि जिथे मूळ खूण फसवणारी आहे तिथे बाजूला मूळ आकडाही तसाच ठेवते, म्हणजे दोन्ही कागद शेजारी ठेवले की जुळवता येतं.

हिशोब सोपा राहावा म्हणून इथले आकडे मी गोल केले आहेत. मूळ दर 4,400 युरो, भारांक दीड: ठोक रक्कम 6,600 युरो. ही पहिली ओळ.

दुसरी ओळ नर्सिंगची, आणि तिथे "ठोक" हा शब्द संपतो. 2020 पासून जर्मनीत रुग्णाजवळच्या परिचारिकांचा खर्च ठोक रकमेतून बाहेर काढला आहे. तो दिवसावर आकारतात. प्रत्येक गटाला नर्सिंगचा वेगळा भारांक आणि प्रत्येक रुग्णालयाचा स्वतःचा नर्सिंग दर. दोघांचा गुणाकार म्हणजे एका दिवसाची रक्कम. इथे 0.76 गुणिले 250, म्हणजे 190 युरो दिवसाला. कोटेशनमध्ये सात दिवस धरून 1,330 युरो होते. त्यानंतर किरकोळ अधिभारांचे 120 युरो. शेवटी रुग्णालयाच्या परदेशी रुग्ण कक्षाचं सेवाशुल्क 500 युरो, आणि त्याच्यापुढे "वेगळं" सांगणारा तो छोटा संक्षेप: 19 टक्के कर. उपचारावर तिथे मूल्यवर्धित कर नसतो, पण कागदपत्रं आणि समन्वयाची सेवा हा उपचार नाही, म्हणून तिच्यावर कर. 595 युरो.

बेरीज 8,645 युरो. मग मुलाने सांगितलेले साडेनऊ हजार कुठून आले?

ते शेवटच्या परिच्छेदात होते. दाखल होण्याआधी 9,500 युरो खात्यात जमा करायचे. मुलाने शेवटचा मोठा आकडा पाहिला आणि तोच खर्च समजला. ती आगाऊ रक्कम होती. घरी सोडल्यावर खरं बिल होणार आणि फरक परत मिळणार किंवा भरावा लागणार, असं त्याच परिच्छेदात होतं. तिथेच एक विशेषण होतं, "उनफरबिंडलिश", म्हणजे बंधनकारक नसलेला अंदाज. काकांच्या प्रतीत मी हे वाक्य मोठ्या अक्षरात घातलं: ही रक्कम कमाल मर्यादा नाही. डीआरजी गट शेवटच्या निदानांवरून ठरतो. गुंतागुंत झाली, दुसरा आजार उपचारात आला, तर गट बदलू शकतो आणि पहिल्या ओळीतला भारांकही.

सात दिवस म्हणजे किती

काकांनी पुण्याचे चार दिवस आणि जर्मनीचे सात दिवस शेजारी लिहिले होते. पण दिवस मोजायच्या पद्धती वेगळ्या. पुण्यातल्या पॅकेजचे चार दिवस म्हणजे तीन रात्री आणि सोडायचा दिवस. जर्मन बिलात दाखल झाल्याचा दिवस मोजतात, सोडायचा दिवस मोजत नाहीत. सोमवारी दाखल होऊन पुढच्या सोमवारी घरी आले तर सात दिवस. आपल्या बोलीत आपण त्याला आठ दिवस म्हणू.

याहून महत्त्वाचं होतं ते ठोक रकमेच्या ओळीखाली बारीक अक्षरात छापलेलं. तीन आकडे: सरासरी मुक्काम 7, खालची मर्यादा 2, वरची मर्यादा 13. काकांनी वाचलं, "तेरा दिवसांपर्यंत पॅकेजमध्ये." मीही पहिल्या मसुद्यात तसंच लिहिलं होतं. मग स्तंभाचं पूर्ण शीर्षक वाचलं: जादा शुल्काचा पहिला दिवस. म्हणजे तेरावा दिवस पॅकेजच्या बाहेर होता. बारा दिवस आत. एका दिवसाची चूक, पण अनुवादात ती राहिली असती तर काकांनी तेराव्या दिवशीही निश्चिंत राहून बिल वाढवून घेतलं असतं.

मग मुक्काम लांबला तर काय, हे मी त्यांना तीन उदाहरणांनी लिहून दिलं.

काकू पाचच दिवसांत घरी आल्या तर ठोक रक्कम तीच राहते. खालची मर्यादा 2 आहे, म्हणजे दोन किंवा त्याहून कमी दिवसांत सोडलं तरच ती कापली जाते, आणि गुडघ्याच्या बाबतीत या वयात तसं होण्याची शक्यता नव्हती. फक्त नर्सिंगचे दोन दिवस कमी होतात, 380 युरोंची बचत.

दहा दिवस राहावं लागलं तर ठोक रक्कम पुन्हा तीच. नर्सिंगचे तीन दिवस वाढतात, 570 युरो.

चौदा दिवस राहावं लागलं तर गणित बदलतं. तेरावा आणि चौदावा दिवस जादा शुल्काचे. त्यासाठी कोटेशनमध्ये दिवसाचा भारांक 0.07 होता, मूळ दराशी गुणून 308 युरो. दोन दिवसांचे 616. शिवाय नर्सिंगचे सात जादा दिवस, 1,330. एकूण 1,946 युरोंची वाढ, आणि बेरीज 10,591.

काकांनी हे तिसरं उदाहरण दोनदा वाचलं. "म्हणजे दोन आठवडे लागले तरी दुप्पट होत नाही." बरोबर. पुण्याच्या कागदावर मात्र चार दिवसांनंतरच्या प्रत्येक दिवसासाठी "नियमित दरानुसार" एवढंच लिहिलं होतं. तो दर काय, हे विचारायला मी त्यांना तिथेच फोन लावायला लावला. खोलीचं भाडं, ड्युटी डॉक्टर, नर्सिंग, व्हिजिट, औषधं, सगळं सुटं. आणि अतिदक्षता विभाग सोडून इतर खोलीचं भाडं दिवसाला 5,000 रुपयांच्या वर गेलं की त्यावर 5 टक्के जीएसटी, जुलै 2022 पासून. एकूण रकमेत पुणे तरीही निम्म्याहून स्वस्त होतं. पण मुक्काम लांबल्यावर काय होईल हे जर्मन कागदावरून आधी मोजता येत होतं, पुण्याच्या कागदावरून नाही.

इथे एक मर्यादा सांगायला हवी. हे सगळं मोजता आलं, कारण या रुग्णालयाने गटाचा क्रमांक, भारांक आणि दर सुटे लिहून दिले होते. परदेशातून मुद्दाम उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांचं उत्पन्न जर्मन रुग्णालयांना आपल्या ठरलेल्या अंदाजपत्रकाबाहेर ठेवता येतं, आणि अशा रुग्णांना काही ठिकाणी एकच मोठा आकडा देतात, फोड न देता. तसा कागद आला तर अनुवादाने काहीच सिद्ध होत नाही. आधी गटाचा क्रमांक आणि भारांक मागवायचा, मग भाषांतराला बसायचं. मी आता तसे कागद फोड आल्याशिवाय घेत नाही.

काकूंच्या कानातले

सांधा धरलेला आहे हे ठरलं, पण कोणता सांधा? कोटेशनमध्ये शस्त्रक्रियेचा क्रमांक होता, `5-822.g1`. जर्मनीत प्रत्येक प्रक्रियेला असा क्रमांक असतो, आणि याचा अर्थ मांडीच्या आणि नडगीच्या हाडाचे दोन्ही पृष्ठभाग बदलणारा, सिमेंटने बसवलेला सांधा. त्याखाली एक वाक्य: आवश्यक असल्यास पूरक शुल्कं वेगळी. काकांच्या मनात सांधा पुन्हा त्या वाक्यात जाऊन बसला.

मी काकूंशी बोलायला घरी गेले होते तेव्हा त्यांनी चहा देताना सहज सांगितलं की त्यांना सोन्याशिवाय काही घालता येत नाही. खोटे कानातले घातले की कानाची पाळी सुजते, घड्याळाच्या पट्ट्याखाली पुरळ येतं. हे निकेलच्या ॲलर्जीचं लक्षण असू शकतं. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यात निकेल अगदी थोडं असतं. त्वचेच्या ॲलर्जीमुळे आतला सांधाही त्रास देतो का, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत, आणि निर्णय शल्यविशारदाचाच. अनुवादकाने त्यात बोलू नये. पण ॲलर्जीमुळे धातूवर लेपन केलेला सांधा लागला तर त्याचे पैसे धरलेले आहेत का, हा प्रश्न माझ्या हद्दीतला होता.

रुग्णालयाला मी तो असा विचारला: लेपन केलेला सांधा वापरल्यास तो ठोक रकमेत आहे की पूरक शुल्कात? आणि "आवश्यक असल्यास" या शब्दांत या रुग्णासाठी नेमक्या कोणत्या वस्तू येऊ शकतात? प्रश्न मोघम ठेवला की उत्तरही मोघम येतं, हे मी अनेकदा अनुभवलं आहे. "सांधा समाविष्ट आहे का?" असं विचारलं असतं तर "हो" आलं असतं आणि लेपनाचा प्रश्न तसाच राहिला असता.

उत्तर स्पष्ट आलं. लेपन केलेला सांधा ठोक रकमेतच. वेगळे पैसे नाहीत. पूरक शुल्कं ही यादीत छापलेल्या ठरावीक गोष्टींनाच लागतात. गुडघ्यात ती प्रामुख्याने सुट्या भागांतून जोडलेल्या मोठ्या सांध्यांना, जिथे हाडाचा बराच भाग गेलेला असतो. तशा सांध्याची गरज इथे दिसत नाही. मात्र ॲलर्जीची त्वचेवरची चाचणी दाखल होण्याआधीची, बाह्यरुग्ण विभागातली, म्हणून तिचं बिल वेगळं. त्या चाचणीत पट्ट्या दोन दिवस पाठीवर राहतात आणि त्यानंतरही पुन्हा पाहावं लागतं. ती तिकडे करायची तर काकूंना लवकर जावं लागलं असतं. चाचणी पुण्यातच करून घेतली, निकेलची ॲलर्जी निघाली, अहवालाचा जर्मन अनुवाद मी कोटेशनच्या उत्तराला जोडून पाठवला.

याच पत्रव्यवहारात एक गंभीर गोष्ट सापडली. शस्त्रक्रियेच्या क्रमांकापुढे बाजू दाखवणारं एक अक्षर असतं: `R` म्हणजे उजवी, `L` म्हणजे डावी. आमच्या कोटेशनवर `L` होतं. पुण्याच्या एक्स-रे अहवालात उजवा गुडघा होता आणि आमच्या पत्रातही उजवाच. डाव्या गुडघ्यालाही थोडी झीज होती, त्यामुळे वाचणाऱ्याला संशय आला नसता. किमतीत फरक पडत नव्हता, म्हणून मुलाच्या नजरेतून ते निसटलं. मी त्याच दिवशी लिहिलं. रुग्णालयाने माफी मागून दुरुस्त कागद पाठवला. शस्त्रक्रियेआधी बाजूची तपासणी अनेकदा होते हे मला माहीत आहे. तरीही जोडलेला वैद्यकीय अहवाल आणि कोटेशन एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय मी आता कुठलाच अनुवाद देत नाही.

तो जोडलेला करार

शेवटचा कागद सहीचा होता. मुलाने तो "दाखल होण्याचा फॉर्म" समजून बाजूला ठेवला होता. शीर्षक होतं "वाललाइस्टुंग", म्हणजे ऐच्छिक सेवा. त्यात दोन चौकटी होत्या: एकेरी खोली, दिवसाला 110 युरो, आणि विभागप्रमुखाकडून उपचार.

दुसऱ्या चौकटीत रक्कम नव्हती. डॉक्टरांच्या शुल्कसूचीचा उल्लेख होता आणि "नेहमीचा गुणक 2.3, कमाल 3.5" एवढंच. खालचं लांबलचक वाक्य मी शब्दशः उतरवलं: हा करार उपचारात सहभागी असलेल्या, स्वतंत्र बिलाचा अधिकार असलेल्या सर्व डॉक्टरांना लागू राहील. म्हणजे सही सर्जनसाठी केली तरी भूलतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ, प्रयोगशाळा यांचीही बिलं सुटी येणार. जर्मन कायद्यातच तसं आहे. रुग्णालयाचा डाव नव्हे. मी अंदाज मागितला तेव्हा 3,200 युरो कळले, म्हणजे सगळ्या हिशोबाच्या एक तृतीयांशाहून जास्त, आणि मूळ कोटेशनच्या बेरजेत त्याचा मागमूस नाही.

काकांना एकेरी खोली हवी होती, काकूंना झोप लागत नाही म्हणून. त्यांचा समज होता, चांगली खोली घ्यायची तर मोठा डॉक्टर घ्यावाच लागेल, पुण्यात खोलीच्या वर्गावरच सगळं ठरतं तसं. तिकडे कायद्याने उलट आहे: खोलीचा करार दुसऱ्या ऐच्छिक सेवेशी बांधता येत नाही. हे काकांना सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "मग मोठा डॉक्टर नाही घेतला तर शिकाऊ करणार का?" मी हा प्रश्न तसाच पाठवला. उत्तर आलं की शस्त्रक्रिया विशेषज्ञच करतील, फक्त कोण ते रुग्णालय ठरवेल. काकांनी ते वाक्य वाचलं आणि दुसऱ्या चौकटीवर रेघ मारली. काकूंनी पहिल्या चौकटीवरही मारायला लावली. कुणीतरी शेजारी असलेलं बरं, म्हणाल्या.

एक गोष्ट मात्र खरोखर कागदाबाहेर होती आणि ती आमच्या बाजूने पूर्ण विसरली गेली होती. तिथे सांधा बदलल्यावर रुग्णाला साधारण आठवड्याने दुसऱ्या संस्थेत पुनर्वसनासाठी पाठवतात, बहुतेकांना तीन आठवडे, विमा ते देतो. विमा नसलेल्या परदेशी रुग्णाला ते नाही. कोटेशनमध्ये एकाच वाक्यात होतं: नंतरचं पुनर्वसन यात नाही. मुलाने गृहीत धरलं होतं की गुडघा म्हटलं की पुनर्वसन आलंच, कारण त्याच्या सहकाऱ्याच्या आईला मिळालं होतं. शेवटी घराजवळच्या फिजिओथेरपिस्टकडे स्वखर्चाने जायचं ठरलं, आणि काकांच्या हिशोबात ती ओळ मी माझ्या हाताने वाढवली, "कोटेशनबाहेर" अशा शीर्षकाखाली. त्याच शीर्षकाखाली चाचणी, विमानाचं तिकीट, कुबड्या आणि रक्त पातळ ठेवण्याच्या घरी घ्यायच्या औषधांच्या ओळी आल्या.

काकांनी बँकेला दुरुस्त कोटेशन आणि त्याचा इंग्रजी अनुवाद दिला, पैसे गेले. काकू सोमवारी दाखल झाल्या, रविवारी घरी आल्या. सहा दिवस. दीड महिन्याने बिल आलं, तेव्हा मुलाने ते आधी मला पाठवलं. गट तोच, भारांक तोच. नर्सिंगचे सहा दिवस, 1,140 युरो. सांधा लेपन केलेला, त्याची ओळ नाही. बेरीज 8,455, 9,500 मधून 1,045 युरो परत.

बिलासोबत एक छोटं कार्ड होतं. युरोपीय नियमांनुसार सांध्याची कंपनी, प्रकार आणि क्रमांक रुग्णाला द्यावाच लागतो. पुण्याच्या बिलात जे छापलं असतं ते तिथे कार्डावर मिळालं. काकूंनी ते कार्ड पारपत्राच्या पाकिटात ठेवलं आहे. परत येताना विमानतळावर यंत्र वाजलं तेव्हा त्यांनी ते काढून दाखवलं.